लोड सेलच्या दोन्ही तारांवर ५ व्होल्ट, फरक फक्त २० मिलिव्होल्ट: सामाईक व्होल्टेज जाते कुठे?

सूतमाप

नमस्कार. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी देखभालीचे काम पाहतो. सुताच्या गोण्या तोलण्यासाठी आमच्याकडे १०० किलोचा एक प्लॅटफॉर्म आहे. त्याच्या लोड सेलवर दर व्होल्टला २ मिलिव्होल्ट असे लिहिलेले आहे आणि मी त्याला १० व्होल्ट देतो, म्हणजे पूर्ण वजनाला २० मिलिव्होल्ट आणि एका किलोला अवघे ०.२ मिलिव्होल्ट मिळतात. हे सिग्नल वाढवून पीएलसीच्या ०ते १० व्होल्टच्या कार्डाला द्यायचे आहे.

त्यासाठी मी एका OP07 ऑप-अँपभोवती चार रेझिस्टर लावून वजाबाकी करणारे सर्किट बांधले. दोन १ किलोओहमचे आणि दोन १०० किलोओहमचे, सगळे १ टक्क्याचे. हिशेबाने शंभर पट वाढ मिळायला हवी. प्रत्यक्षात तीन गोष्टी दिसतात. पूर्ण वजनाला २ व्होल्टऐवजी १.७ व्होल्ट येतात. ते मी पीएलसीतल्या गुणकाने जुळवून घेतले. प्लॅटफॉर्म रिकामा असताना त्याचे स्वतःचे वजन वजा करूनही साधारण सहा किलो दिसतात. तेही शून्य करून टाकले. मात्र सकाळी केलेला शून्य दुपारी पत्र्याची शेड तापली की चारशे ग्रॅमच्या आसपास सरकतो, आणि त्यावर मला उपाय सापडत नाही.

सगळे जण सांगतात की इन्स्ट्रुमेंटेशन अँप्लिफायर वापरा. वापरीनही, पण आधी समजून घ्यायचे आहे. सेलच्या दोन्ही सिग्नल तारा जमिनीच्या तुलनेत ५ व्होल्टवर असतात, आणि पूर्ण वजनाला एक ५.०१० वर व दुसरी ४.९९० वर जाते. इन्स्ट्रुमेंटेशन अँप्लिफायरही आतून ऑप-अँप आणि रेझिस्टरांचाच बनलेला असेल, तर हे ५ व्होल्ट त्यात नेमके कोठे नाहीसे होतात, आणि माझ्या सर्किटात ते का होत नाहीत?

काटेवाला

मालक, एवढा खटाटोप कशासाठी? बाजारात HX711 चे तयार बोर्ड मिळते, त्यात अँप्लिफायरही आहे आणि चोवीस बिटांचे रूपांतरही आहे. मी काट्यांच्या दुरुस्तीत हेच बसवतो आणि ग्राहकाची तक्रार येत नाही. नाहीतर सरळ तयार इंडिकेटर घ्या, त्यातले काही ०ते १० व्होल्टचे आउटपुटही देतात.

सूतमाप

आपला सल्ला व्यवहाराचा आहे, पण माझा प्रश्न कोणती वस्तू घ्यावी हा नाही. पीएलसीचे कार्ड आधीच बसलेले आहे आणि त्याला अ‍ॅनालॉग सिग्नलच हवे. शिवाय HX711 ला स्वतःच्या पुरवठ्याच्या मर्यादेतच सिग्नल लागते, म्हणजे सेलला १० व्होल्ट देऊन ते चालणार नाही.

तृतीय_वर्ष

मी इथल्याच एका महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स शिकतो. एक शंका आहे. पीएलसीच्या दोन चॅनलांना दोन तारा वेगवेगळ्या जोडून प्रोग्राममध्ये वजाबाकी केली, तर अँप्लिफायरची गरजच काय?

मापनविद्या

आधी या विद्यार्थ्याला उत्तर देते, कारण त्यातून मूळ प्रश्नही स्पष्ट होतो. कार्ड बारा बिटांचे असेल तर १० व्होल्टचे ४०९६ भाग होतात आणि एक पायरी जवळपास २.४ मिलिव्होल्टची पडते. किलोला ०.२ मिलिव्होल्ट धरले तर ती एक पायरी बारा किलोंची झाली. ५.०१० आणि ४.९९० हे दोन आकडे वेगवेगळे मोजताना मोजपट्टीची जवळजवळ सगळी लांबी त्या सामाईक ५ व्होल्टवरच खर्च होते. म्हणून वजाबाकी आधी आणि मोजणी नंतर, हा क्रम सोडता येत नाही.

आता सूतमाप यांच्या सर्किटाकडे वळते. चार रेझिस्टरांच्या सर्किटात ५ व्होल्ट कोणी अडवून धरत नाही. ते दोन वाटांनी आउटपुटपर्यंत पोहोचतात, एका वाटेने अधिक चिन्हासह आणि दुसऱ्या वाटेने उणे चिन्हासह, आणि तेथे एकमेकांना खोडतात. खोडणे पूर्ण व्हायचे तर दोन्ही बाजूंचे १०० किलोओहमचे १ किलोओहमशी असलेले गुणोत्तर तंतोतंत सारखे हवे. एका बाजूचे गुणोत्तर दुसरीपेक्षा शेकडा एक भागाने वेगळे असेल, तर ५ व्होल्टचा जवळजवळ शंभरावा भाग, म्हणजे ५० मिलिव्होल्ट, आउटपुटवर शिल्लक राहतो. चारही रेझिस्टर १ टक्क्याचे असतील आणि चौघांची चूक दुर्दैवाने एकाच दिशेने जमा झाली, तर हा फरक चार टक्क्यांपर्यंत जाऊन आउटपुटवर २०० मिलिव्होल्ट दिसू शकतात. तुमच्या सर्किटात किलोला १७ मिलिव्होल्ट मिळतात, त्यामुळे हे दहा किलोंहून अधिक झाले. तुम्हाला दिसणारे सहा किलो या कक्षेत अगदी आरामात बसतात.

सहा किलो शून्य करता येतात, कारण ते स्थिर आहेत. दुपारचे चारशे ग्रॅम का करता येत नाहीत, ते पाहा. साध्या मेटल फिल्म रेझिस्टरची किंमत एक अंश सेल्सिअसला दशलक्षात शंभर भागांपर्यंत बदलू शकते, आणि दोन रेझिस्टर सारखेच बदलतील याची काहीही हमी नसते. सकाळपासून दुपारपर्यंत पॅनेलमधले तापमान पंधरा अंशांनी वाढले आणि दोन गुणोत्तरांमध्ये तेवढाच फरक पडला, तर तो ०.१५ टक्के होतो. ५ व्होल्टचे ०.१५ टक्के म्हणजे साडेसात मिलिव्होल्ट, आणि सतराने भागल्यावर सुमारे ४४० ग्रॅम. तुमच्या निरीक्षणाशी हा आकडा चांगला जुळतो, तरी यावरून सगळा दोष अँप्लिफायरचाच आहे असे सिद्ध होत नाही, कारण लोड सेलचा शून्यही उष्णतेने सरकतो.

१.७ व्होल्टचे कारणही याच सर्किटात आहे. ३५० ओहमच्या ब्रिजकडे प्रत्येक सिग्नल तारेतून पाहिले तर १७५ ओहमचा रोध दिसतो. तो तुमच्या १ किलोओहमला जोडला जातो आणि गुणोत्तर १०० ऐवजी ८५ होते. ते तुम्ही गुणकाने भरून काढले, पण त्याचा अर्थ असा की सेल, केबल आणि कनेक्टर यांचा रोध तुमच्या गुणोत्तराचा भाग झाला आहे. एका तारेच्या कनेक्टरवर गंज चढून पाच ओहम वाढले, तरी त्या बाजूचे गुणोत्तर जवळपास अर्ध्या टक्क्याने बिघडेल आणि शून्य सव्वा किलोने हलेल.

जुळे_सोलापूर

बाईंनी सांगितलेले अगदी योग्य आहे. माझे दुरुस्तीचे दुकान आहे आणि मी तीन ऑप-अँपचा इन्स्ट्रुमेंटेशन अँप्लिफायर सुट्या भागांनी अनेकदा बांधला आहे. पहिले दोन ऑप-अँप सिग्नल थेट आपल्या अधिक टोकावर घेतात, त्यामुळे सेलवर भार पडत नाही. ही रचनाच अशी आहे की सामाईक व्होल्टेज पहिल्या टप्प्यातच मरून जाते. म्हणून मग तिसऱ्या ऑप-अँपचे रेझिस्टर १ टक्क्याचे असले तरी चालतात. महाग चिप घेण्याची आवश्यकता नाही.

मापनविद्या

यातला पहिला भाग बरोबर आहे, दुसरा नाही, आणि सूतमाप यांचा प्रश्न नेमका या दुसऱ्या भागाचाच आहे.

पहिल्या टप्प्यातल्या दोन ऑप-अँपच्या उणे टोकांना जोडणारा एकच रेझिस्टर असतो. त्याला आपण Rg म्हणू. प्रत्येक ऑप-अँप आपले उणे टोक आपल्या अधिक टोकाइतक्याच व्होल्टेजवर आणून ठेवतो. त्यामुळे Rg च्या एका टोकाला ५.०१० आणि दुसऱ्याला ४.९९० व्होल्ट येतात, आणि त्यातून वाहणारा प्रवाह फक्त २० मिलिव्होल्टच्या फरकाने ठरतो. हाच प्रवाह दोन्ही बाजूंच्या फीडबॅक रेझिस्टरांतूनही वाहावा लागतो, कारण त्याला दुसरी वाट नाही. त्यामुळे पहिल्या टप्प्याची दोन आउटपुटे एकमेकांपासून दूर जातात: वाढ शंभर पट असेल तर एक ६ व्होल्टवर आणि दुसरे ४ व्होल्टवर.

आता दोन्ही तारा एकदमच एक व्होल्टने वर उचलल्या आहेत असे समजा. Rg ची दोन्ही टोके एक व्होल्टने वर जातात, त्यांच्यातला फरक तेवढाच राहतो, प्रवाह बदलत नाही, आणि आउटपुटे ६ व ४ ऐवजी ७ व ५ होतात. म्हणजे सामाईक व्होल्टेज मेले नाही. ते जसेच्या तसे, एकपट, पुढे गेले. फरक मात्र शंभर पट होऊन पुढे गेला. पहिला टप्पा काही खोडत नाही; तो फक्त सामाईकाला मागे ठेवून फरकाला पुढे काढतो. फीडबॅकचे दोन रेझिस्टर एकमेकांपासून थोडे वेगळे असले तरी यात बाधा येत नाही, कारण सामाईक व्होल्टेजमुळे त्यांच्यातून प्रवाहच वाहत नाही. या रचनेतली मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट हीच आहे.

खोडण्याचे काम तिसराच ऑप-अँप करतो, चार समान रेझिस्टरांनी, तुमच्या जुन्या सर्किटासारखेच. हे रेझिस्टर १ टक्क्याचे घेतले तर वाईटात वाईट स्थितीत सामाईक व्होल्टेजचे दोन टक्के शिल्लक राहतात. ५ व्होल्टचे १०० मिलिव्होल्ट झाले, म्हणजे किलोला २० मिलिव्होल्ट धरून पाच किलो. जुन्या सर्किटात हीच चूक दहा किलोंच्या वर जाऊ शकत होती. रचना बदलून, दोन ऑप-अँप अधिक लावून, चूक जेमतेम निम्मी झाली आणि दुपारचे सरकणेही तेवढेच निम्मे होईल.

AD620 सारख्या चिपमध्ये जे मिळते ते या चार रेझिस्टरांच्या जुळणीतून मिळते. ते एकाच सिलिकॉनच्या तुकड्यावर शेजारी शेजारी असतात, कारखान्यात लेझरने छाटून जुळवलेले असतात, आणि तापले तर एकत्रच तापतात. शंभर पट वाढीला या चिपची किमान हमी ११० डेसिबलची आहे, म्हणजे सामाईक व्होल्टेजचा तीन लाखांतला एक भाग फरक म्हणून दिसेल. ५ व्होल्टसाठी तो १६ मायक्रोव्होल्ट, म्हणजे ८० ग्रॅम होतो, आणि जुळणी टिकत असल्यामुळे ते ८० ग्रॅम शून्य केले की बहुतांशी शून्यच राहतात.

जुळे_सोलापूर

पहिल्या टप्प्याबद्दलचे माझे म्हणणे मागे घेतो. मात्र ०.१ टक्क्याचे रेझिस्टर निवडून घेतले तर सुट्या भागांनीही काम भागते, हे मी अनुभवाने सांगतो.

मापनविद्या

भागते. पाच किलोंची चूक अर्ध्या किलोवर येते आणि ती शून्य करता येते. फक्त तापमानाचा गुणांकही तितकाच चांगला असलेले रेझिस्टर घ्या, नुसती खोलीच्या तापमानाची किंमत पाहू नका. ते चार चांगले रेझिस्टर आणि तीन ऑप-अँप यांची बेरीज केली तर चिप फारशी महाग राहत नाही, असे माझे मत आहे.

रंगखाना

मध्येच विचारतो, क्षमा असावी. आमच्या रंगाईच्या टाकीत थर्मोकपल आहे. त्याच्या दोन तारा मी अशाच एका चिपच्या दोन टोकांना थेट जोडल्या. आउटपुट काही सेकंदांत हळूहळू सरकत टोकाला जाऊन चिकटते. एका तारेला बोट लावले की परत खाली येते. मी तीन चिपा बदलल्या. माझ्या बाबतीत सामाईक व्होल्टेज तर नाहीच, दोन्ही तारा कशालाच जोडलेल्या नाहीत.

मापनविद्या

दोन्ही तारा कशालाच जोडलेल्या नाहीत, हेच कारण आहे. चिपच्या प्रत्येक इनपुटमधून अगदी थोडा, नॅनोअँपिअरच्या घरातला प्रवाह वाहतो आणि त्याला परत जायला जागा लागते. तुमच्याकडे ती नाही, म्हणून तो प्रवाह तारांची धारकता भरत राहतो. अर्धा नॅनोअँपिअर १०० पिकोफॅरडला सेकंदाला ५ व्होल्टने वर चढवतो. दोन्ही तारा एकत्रच चढतात, फरक तसाच असतो, पण चिपच्या मर्यादेबाहेर गेल्यावर ती फरकही सांगू शकत नाही. बोट लावल्यावर तुमच्या शरीरातून वाट मिळते. थर्मोकपलची उणे तार १० किलोओहमच्या रेझिस्टरने सर्किटाच्या जमिनीला जोडा. चिपा चांगल्याच असाव्यात. थर्मोकपलचे टोक टाकीच्या धातूला आतूनच जोडलेले असेल तर मात्र वाट आधीच आहे आणि दुखणे वेगळे आहे.

सूतमाप यांना हा त्रास होणार नाही, कारण त्यांच्या ब्रिजमधूनच तो प्रवाह परत जातो.

सूतमाप

आपल्या उत्तरानंतर मी AD620 आणून बसवली. पुरवठा अधिक-उणे १२ व्होल्टचा आहे. तिच्या माहितीपत्रकातले सूत्र असे आहे:

```
G = 1 + 49.4k / Rg
```

Rg म्हणून ४९९ ओहम लावले, म्हणजे वाढ बरोबर शंभर. पूर्ण वजनाचा फरक आता २ व्होल्ट येतो, १.७ नाही. शून्याच्या खालीही थोडी जागा राहावी म्हणून आउटपुटचा शून्य २.५ व्होल्टवर न्यायचा होता. त्यासाठी ५ व्होल्टच्या स्थिर पुरवठ्यावर १० किलोओहमचे दोन रेझिस्टर लावून मधला बिंदू चिपच्या रेफरन्स पिनला दिला. सेलवर वजन नसताना २.५ ऐवजी सुमारे २.९ व्होल्ट दिसतात. म्हणजे वीस किलोंची चूक, जुन्या सर्किटापेक्षाही मोठी. रेफरन्स पिनवर मीटर लावला तर तेथेही २.५ नाहीत. चिप खराब असावी का?

काटेवाला

बनावट चिप असणार. बाजारात अशा पुष्कळ फिरतात. मी तर आधीच सांगितले होते.

मापनविद्या

बनावट चिपा असतात हे खरे, पण येथे तसे मानायला कारण नाही. ज्या चार रेझिस्टरांच्या जुळणीचे मी वर्णन केले, त्यांतल्या एकाचे बाहेरचे टोक म्हणजेच रेफरन्स पिन. या चिपमध्ये ते प्रत्येकी १० किलोओहमचे आहेत. तुमच्या दोन १० किलोओहमच्या जोडीचा मधला बिंदू बाहेरून ५ किलोओहमसारखा दिसतो, आणि तो आतल्या १० किलोओहमला जोडला जाऊन त्याचे १५ झाले. कारखान्याने लेझरने साधलेली जुळणी आपण बाहेरून पन्नास टक्क्यांनी मोडली.

हिशेब करून पाहू. अशा स्थितीत सामाईक व्होल्टेजचा पाचवा भाग आउटपुटवर येतो आणि रेफरन्सचा मात्र चार-पंचमांशच पोहोचतो. २.५ चे झाले २ व्होल्ट. सामाईक ५ व्होल्टपैकी आतल्या इनपुट ट्रान्झिस्टरवर साधारण ०.६ व्होल्ट उतरतात, उरलेल्या ४.४ चा पाचवा भाग ०.८८. बेरीज २.८८ व्होल्ट, आणि तुमचा मीटर २.९ दाखवतो. चिप अस्सल आणि निरोगी आहे.

वीस किलो शून्य करून पुढे जाता येईल असे वाटेल, पण तसे करू नका. सेलला दिलेले १० व्होल्ट ०.१ व्होल्टने हलले तर सामाईक व्होल्टेज ०.०५ व्होल्टने हलते आणि आउटपुट १० मिलिव्होल्टने, म्हणजे अर्ध्या किलोने. दुभाजकाचा मधला बिंदू एका ऑप-अँपच्या बफरमधून घेऊन मगच रेफरन्स पिनला द्या. तुमचा जुना OP07 मोकळाच पडला असेल, तो या कामाला उत्तम आहे.

त्यानंतर एक परीक्षा घ्या. चिपची दोन्ही इनपुटे सेलच्या एकाच सिग्नल तारेला जोडा. आता फरक खरोखर शून्य आहे आणि दोन्हींवर ५ व्होल्ट आहेत. मग सेलचा पुरवठा १० वरून ८ व्होल्टवर आणा, म्हणजे सामाईक व्होल्टेज ५ वरून ४ वर येईल. आउटपुट जितके हलेल तितके सामाईक व्होल्टेज गळते आहे. चिपची स्वतःची शून्याची चूक यात मिसळत नाही, कारण ती दोन्ही वेळी तेवढीच असते. सध्याच्या जोडणीत ०.२ व्होल्टचा बदल दिसेल. बफर लावल्यावर तो ०.३ मिलिव्होल्टहून कमी असायला हवा.

सूतमाप

बफर न लावता आधी परीक्षा घेतली, ०.२ व्होल्टचाच बदल दिसला. बफर लावल्यावर रिकाम्या सेलला २.५ व्होल्ट आले आणि पुरवठा १० वरून ८ केला तरी मीटरचा मिलिव्होल्टचा शेवटचा आकडा हलला नाही. मनापासून आभार, बाई.

जुळे_सोलापूर

मी अशीच चिप नुसत्या १२ व्होल्टवर, उणे पुरवठ्याशिवाय चालवू पाहतो आहे आणि वाढ पाचशे पट ठेवायची आहे. रेफरन्सला बफर आहे. कमी वजनाला सगळे ठीक, पण अर्ध्याच्या पुढे वजन गेले की आकडा कमी वाढतो. आउटपुट ९ व्होल्टच्या आसपास आहे, टोकाला गेलेले नाही.

मापनविद्या

आउटपुट टोकाला गेलेले नसले तरी आतला पहिला टप्पा गेलेला आहे. ५ व्होल्टच्या सामाईक व्होल्टेजभोवती पाचशे पट वाढीने २० मिलिव्होल्टचे १० व्होल्ट होतात, म्हणजे आतल्या एका ऑप-अँपला १० व्होल्टच्या जवळ आणि दुसऱ्याला जवळजवळ शून्यावर जावे लागते. उणे पुरवठा नसताना तो शून्यापर्यंत जाऊ शकत नाही. तो अडकतो, दुसरा मात्र चढत राहतो, आणि बाहेर येणारा आकडा चुकीचा असूनही पटण्यासारखा दिसतो. बाहेरून याची एवढीच खूण असते की वजन आणि आउटपुट यांची रेषा मध्येच वाकते. वाढ शंभरावर आणा, उरलेली वाढ पुढच्या टप्प्यात घ्या.

सूतमाप

एक नवी अडचण सांगतो. शेजारच्या यंत्राचा व्हीएफडी ड्राइव्ह चालू झाला की आकडा सुमारे दोनशे ग्रॅमने एका बाजूला सरकतो आणि ड्राइव्ह बंद होईपर्यंत तिथेच राहतो. तो थरथरत असता तर समजलो असतो की आवाज आत येतो आहे. हा तर स्थिर सरकतो.

मापनविद्या

११० डेसिबलची हमी शून्यापासून मेन्सच्या वारंवारतेपर्यंतची आहे. काही किलोहर्ट्झच्या पुढे खोडण्याची शक्ती झपाट्याने घसरते, कारण आतल्या दोन वाटांचा वेग एकसारखा राहत नाही. ड्राइव्हच्या कडा तर त्याहून कितीतरी वर, मेगाहर्ट्झमध्ये असतात. तितक्या वेगात चिपचा इनपुट ट्रान्झिस्टर डायोडसारखा वागतो आणि आत आलेल्या वेगवान व्होल्टेजचे स्थिर व्होल्टेज करून ठेवतो. म्हणून आकडा थरथरत नाही, सरकतो. एकदा असे झाले की पुढे कितीही फिल्टर लावला तरी ते निघत नाही. वेगवान सिग्नल चिपच्या आधीच थांबवावे लागते.

दोन्ही इनपुट तारांत चार किलोओहमचा एकेक रेझिस्टर, प्रत्येक इनपुटपासून जमिनीला १ नॅनोफॅरड, आणि दोन इनपुटांच्या मध्ये ४७ नॅनोफॅरड लावा. मधला कपॅसिटर मोठा असणे महत्त्वाचे आहे. जमिनीकडे जाणारे दोन छोटे कपॅसिटर कधीच अगदी सारखे नसतात, आणि त्यांच्या फरकामुळे सामाईक सिग्नलचा काही भाग दोन तारांमधला फरक बनतो. मधला मोठा कपॅसिटर तो फरक दाबून टाकतो. ४०० हर्ट्झच्या आसपासपर्यंतचे वजनाचे बदल तरीही दिसतील. गोण्यांसाठी तेवढे भरपूर आहे.

काटेवाला

आधी केबल पाहा. सेलची केबल आणि मोटरची केबल एकाच ट्रेमध्ये टाकलेली असते, हे मी इथल्या किती कारखान्यांत पाहिले आहे सांगता येत नाही. केबल वेगळी करा आणि तिची जाळी फक्त पॅनेलच्या टोकाला अर्थ करा, सेलच्या टोकाला मुळीच नाही. दोन्हीकडे अर्थ केली की जाळीतून मेन्सचा प्रवाह वाहतो.

मापनविद्या

केबल वेगळी करण्याबद्दल पूर्ण सहमत आहे, आणि ते फिल्टरच्याही आधी करावे. जाळीबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. मेन्सच्या वारंवारतेला एकाच टोकाला अर्थ करणे योग्य ठरते, पण ड्राइव्हच्या वेगवान कडांसाठी दुसरे टोक मोकळे सोडलेली लांब जाळी अर्धवटच काम करते. तेथे सेलच्या टोकाला जाळी आणि सांगाडा यांच्यामध्ये छोटा कपॅसिटर लावून पाहण्यासारखे आहे.

काटेवाला

कपॅसिटर लावलेली जाळी मी कुठल्याच चांगल्या काट्यात पाहिलेली नाही. एका टोकाची अर्थच बरी.

सूतमाप

दोन्ही केबल खरोखरच एकाच ट्रेमध्ये होत्या. सेलची केबल वेगळी ओढली आणि जाळी पॅनेलच्या टोकाला अर्थ केली; ड्राइव्हमुळे होणारे सरकणे पन्नास ग्रॅमच्या आत आले. त्यानंतर फिल्टर लावला आणि ते मला दिसेनासे झाले. जाळीच्या दुसऱ्या टोकाला कपॅसिटर लावून पाहण्याची त्यामुळे वेळ आली नाही, म्हणून आपणा दोघांत कोण बरोबर ते माझ्या कारखान्यात ठरू शकले नाही.

दुपारचे सरकणे चारशे ग्रॅमवरून शंभरच्या खाली आले आहे, पण शून्य झालेले नाही. दोन्ही इनपुटे एकाच तारेला जोडून, सकाळी आणि दुपारी, प्लॅटफॉर्म तसाच ठेवून मोजणार आहे. आकडा तेव्हाही हलला तर ते अँप्लिफायरचे, हलला नाही तर सेलचे, असा अर्थ घ्यावा ना?

मापनविद्या

होय. पण पॅनेलमधले आणि सेलजवळचे तापमान वेगवेगळे नोंदवा, कारण पत्र्याच्या शेडमध्ये ही दोन्ही ठिकाणे एका वेळी तापत नाहीत. या चिपचा शून्य अंशाला एक मायक्रोव्होल्टपर्यंत सरकू शकतो. पंधरा अंशांना ते पाऊणशे ग्रॅम होतात, तेव्हा उरलेले सगळे सरकणे तिच्या एकटीच्या माथी जाण्याचीही शक्यता आहे.